सेफ्टीच्या स्लाइड्सची क्विझ करायला बसलात तेव्हा काय काय झालं? अनुभव सांगा

रेवती_बोईसर
काल नवऱ्याच्या कंपनीतून सेफ्टी ट्रेनिंगची क्विझ आली. पहिला प्रश्न: राष्ट्रीय सुरक्षा दिन कधी असतो? 4 मार्च. बरोब्बर, एक मार्क. मी हसले आणि जुने दिवस आठवले.

मी एका केमिकल कंपनीत ट्रेनिंगचं बघायची. बंदिस्त टाकीत उतरण्याच्या ट्रेनिंगच्या स्लाइड्स होत्या, साहेब म्हणाले, "याचे दहा प्रश्न काढ, ऐंशी टक्क्यांना पास." आधीच्या कुणीतरी एका स्लाइडला एक प्रश्न असं करून ठेवलेलं. व्याख्या, कलम, तारीख, ऑक्सिजन किती टक्के हवा. पाठ केलं की झालं.

मी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि सेफ्टी ऑफिसर व एक जुने फिटर काका यांना विचारलं, माणूस नेमका कुठे चुकतो? काकांनी जे सांगितलं तेच माझे चुकीचे पर्याय झाले. हा प्रश्न अजून तोंडपाठ आहे:

टाकीत उतरलेला सोबती अचानक कोसळला. तुम्ही मॅनहोलपाशी पहाऱ्यावर आहात. आधी काय कराल?
अ) तोंडाला ओला रुमाल बांधून उतरेन
ब) अलार्म देईन, जागा न सोडता त्याला बाहेरूनच दोराने ओढायला लागेन
क) सुपरवायझरला शोधायला जाईन
ड) ब्लोअर लावून पाच मिनिटं थांबेन

स्लाइडवर फक्त "पहारेकऱ्याने आत जाऊ नये" एवढीच ओळ होती. पहिल्या बॅचला बरेच जण अ! ओला रुमाल गॅस अडवत नाही आणि ऑक्सिजनही आणून देत नाही, पण पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

तुमचे अनुभव लिहा.

चाकणकर
आमच्याकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर "वरीलपैकी सर्व". पोरं स्लाइड न बघता पास. वर कुणीतरी गूगल फॉर्ममध्ये `Shuffle option order` चालू केलं, मग "वरीलपैकी सर्व" सगळ्यात वर 😂 वरीलपैकी म्हणजे काय, प्रश्न?

सुमेधा_के
आणि सगळ्यात लांब पर्याय तो बरोबर. रेवतीताई, तुमचा ब पण लांबच आहे हं 😜

रेवती_बोईसर
पकडलंस! नंतर बाकीचे तीन लांब केले. कुकर लावलाय, येते.

मिलिंद_०७
पास मार्क 100 ठेवा, विषय संपला. सेफ्टीत 80 टक्के कसलं? वीस टक्के मेला तर चालेल का?

दत्ता_सेफ्टीवाले
मिलिंदराव, मुद्दा अर्धा बरोबर. सगळ्याला 100 ठेवलं की काय होतं ते बघितलंय. शिफ्ट अडायला लागली की ट्रेनरच उत्तरं सांगतो, आणि आठवड्याभरात सगळे शंभर.

पण दहापैकी आठ यातही खोट आहे. तो रुमालवाला प्रश्न आणि टाकीतली हवा मीटरने तपासण्याचा प्रश्न, हे दोन्ही चुकवून माणूस आठ मार्कांनी पास होतो आणि टाकीवर जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने 1986 मध्ये लिहून ठेवलंय की अशा जागांत मेलेल्यांत निम्म्याहून जास्त जण वाचवायला आत गेलेले होते. म्हणजे तो प्रश्न दहातला एक नाही.

आम्ही तीन प्रश्न वेगळे काढले: वाचवायला आत न जाणं, उतरण्याआधी मीटर लावणं, पाइपलाइन ब्लँकची चकती टाकून बंद केल्याशिवाय न उतरणं. हे तिन्ही बरोबर हवेतच. उरलेल्या सातात पाच. तिनांतला एक जरी चुकला तरी एकूण मार्क न बघता परत टाकीपाशी नेऊन दाखवायचं, मग दुसरा पेपर.

मिलिंद_०७
हां, हे पटलं. पण सातात पाचच का? सहा का नाही?

दत्ता_सेफ्टीवाले
चार जण बसवले, दोन सुपरवायझर, एक फिटर, मी. एकेक प्रश्न घेऊन विचारायचं, जेमतेम काम करू शकेल असे दहा जण आणले तर यातले किती बरोबर देतील? कुणी सहा म्हणतो, कुणी आठ. त्याची सरासरी काढायची, सातही प्रश्नांची बेरीज करून दहाने भागायचं. आमची पाचच्या थोडी वर आली. गंमत अशी की सुपरवायझर सगळ्याला नऊ-नऊ म्हणत होते. प्रत्यक्ष पेपर घेतला तेव्हा गप्प झाले.

अपर्णा१२
माझ्या भाच्याची आरटीओची लर्निंगची परीक्षा आहे, ती पण अशीच असते का? कुणाकडे प्रश्न आहेत का? मराठीत हवेत.

चाकणकर
अपर्णाताई, इथे टाकीत उतरायचं चाललंय, गाडीवर नाही 😄

योगिता_नाशिक
चूक की बरोबर असे प्रश्न चालतील का? करायला सोपे.

दत्ता_सेफ्टीवाले
दहा प्रश्न नुसतं नाणं उडवून सोडवले तरी साधारण अठरात एक जण आठ मिळवतो. चार पर्याय ठेवले की तसं होणं दोन हजारांत एखाद्याला. अर्थात कारखान्यात कोण अंदाजे लिहितं, शेजारच्याचं बघतात.

सुमेधा_के
शेजारच्याचं कशाला, व्हॉट्सॲप आहे. आमचा फॉर्म सबमिट झाला की लगेच बरोबर उत्तरं दाखवायचा. पहिल्या शिफ्टचा स्क्रीनशॉट दुसऱ्या शिफ्टकडे. सेटिंगमध्ये जाऊन `Correct answers` बंद केलं तेव्हा निकाल खाली आला, आणि एचआर मला विचारतंय, ट्रेनिंग बिघडलं का.

फिटरचा_मुलगा
बाबा ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्लांटवर होते. ते सांगायचे, सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला की लोक म्हणायचे गॅस गेला. गॅस तिथेच असतो, नाकच बधिर होतं. हा पर्याय टाकाच कुणीतरी. बाकी मला क्विझमधलं कळत नाही.

रेवती_बोईसर
टाकला होता दादा, तिथेही बरेच अडकले. आणि मीटरचा प्रश्न असा: झाकणापाशी मीटरने ऑक्सिजन 20.9 दाखवला, उतराल का? हो म्हणणारे खूप. गॅस तळाशी साचलेला असू शकतो, मीटर वर, मध्ये आणि खाली, तिन्हीकडे सोडायला हवा. "ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरू नये" हे त्यांना पाठ होतं. मीटर कुठे धरायचा ते नाही.

दत्ता_सेफ्टीवाले
त्यात अजून एक, ऑक्सिजन आधी बघायचा. तो कमी असेल तर पेट घेणाऱ्या गॅसचा आकडा नेहमीचा सेन्सर कमी दाखवतो. आकडा बघून माणूस खूश.

एक वेगळं सांगतो. एका प्रश्नावर नवे पास आणि जुने फिटर सगळे नापास. टाकीत उतरायचं परमिट किती वेळ चालतं? स्लाइडप्रमाणे उत्तर 8 तास. जुने म्हणाले, शिफ्ट बदलली की परमिट संपलं, मग दोनच तास का झालेले असेनात. जुनेच बरोबर होते. प्लांटचा नियम बदलला होता, स्लाइड तशीच राहिली होती.

योगिता_नाशिक
बापरे. म्हणजे नापास कोण, स्लाइड!

प्रकाश_तळोजा
तुम्ही सगळे लिहिता-वाचता येणाऱ्यांचं बोलताय. आमच्याकडे निम्मे ठेकेदाराचे, बिहार-ओडिशाचे. पेपर मराठीत, ट्रेनर हिंदीत वाचून दाखवतो आणि बरोबर पर्याय आला की आवाज चढवतो. ब)ऽऽऽ! सगळे ब. काय मोजलं आपण?

रेवती_बोईसर
फोटो लावून बघितलेत का? मॅनहोलचे चार फोटो, कुठला बरोबर?

प्रकाश_तळोजा
लावले. ट्रायपॉडचा फोटो दिसला की तोच निवडतात, मग त्याला दोर अडकवलेला असो वा नसो. शेवटी प्रत्यक्ष करून घेतो, पण ऑडिटवाल्याला कागदावर मार्क हवेत. यावर कुणाकडे काही असेल तर सांगा.

मिलिंद_०७
तोच ट्रायपॉड, दोर काढून, दुसऱ्या फोटोत घ्या.

प्रकाश_तळोजा
हे करून बघतो. तेवढं ट्रेनरचं कुणी सांगेल का?

अपर्णा१२
आरटीओचं कुणीच सांगितलं नाही 🙁

चाकणकर
व्यनि करतो ताई.