रॉकच्या बेसला फ्लॅटवाउंड तारा चालतील का? आणि पिक की बोटं?

पेठेतला_बेस
आमचा चौघांचा बँड आहे. दोन गिटार, दोन्हीला जोरदार डिस्टॉर्शन. माझा बेस प्रिसिजन पद्धतीचा, तारा राउंडवाउंड, 45 ते 105. राजारामपुरीतल्या सरावाच्या खोलीत एकटा वाजवला की आवाज झकास लागतो. सगळे सुरू झाले की नुसती घरघर उरते, कुठला सूर चाललाय ते माझं मलाच कळत नाही. गिटारवाला म्हणतो पिक घे, ड्रमर म्हणतो फ्लॅटवाउंड लाव. मी बोटांनीच शिकलोय. काय करू?

गोल_तार
भावा, फ्लॅट अजिबात लावू नको. रॉक बेसचा खणखणीत आवाज राउंडवाउंड आल्यावरच जन्माला आला. 1966 च्या सुमारास जॉन एंटविसलला बेसमधून पियानोसारखा आवाज हवा होता, म्हणून तो रोटोसाउंडवाल्यांबरोबर बसला आणि त्या तारा घडल्या. फ्लॅटमध्ये चमक नसते. त्या जुन्या सोल आणि जॅझच्या तारा आहेत. नवीन राउंड घाल आणि पिक घे, प्रश्न मिटला.

चार_तारा
एंटविसलचं बरोबर आहे, पण पुढचं पटत नाही. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो, 50 ते 110 च्या, तेही बोटांनी. त्याच्या आवाजात खणखणाट कमी आहे असं कोण म्हणेल? ती चमक वेटोळ्यातून येत नाही. तो दोन बोटांनी इतकं जोरात मारतो की तार फ्रेटवर आपटते, आणि तो टणत्कार ऐकू येतो. शिवाय त्याच्या तारा ताज्या असतात. नव्या फ्लॅटला सुरुवातीला बऱ्यापैकी झळाळी असते. ती उतरली की मग फ्लॅट वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि आपण 'फ्लॅटचा आवाज' म्हणतो तो हा उतरलेला.

आता मूळ दुखण्याकडे. बेसची जाड ई तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, गिटारची जाड ई 82 वर. म्हणजे तुझ्या तारेचा दुसरा स्वरांश नेमका गिटारच्या मूळ सुरावर पडतो. छोट्या स्पीकरमधून 41 नीट येतच नाही, कान वरच्या स्वरांशांवरून सूर ओळखतो, आणि तिथं दोन डिस्टॉर्शनवाले ठाण मांडून बसलेत. तू आणखी चमक वाढवलीस तर त्याच गर्दीत आणखी एक माणूस घुसवल्यासारखं होईल. मला वाटतं, तुला सुराची सुरुवात स्पष्ट हवी आहे, शेपूट नाही.

आमच्याकडेही हीच अडचण होती, म्हणून मागच्या पावसाळ्यात चार प्रकारे रेकॉर्ड करून पाहिलं. बेस तोच, आठ मात्रांचा तोच रिफ, ॲम्पचं एकही बटण हलवलं नाही. राउंड-बोटं, राउंड-पिक, मग तारा बदलून, एक रात्र बसू देऊन फ्लॅट-बोटं, फ्लॅट-पिक. चारही तुकड्यांचा आवाज सारखा केला, कारण पिक मोठं वाजतं आणि मोठं ते चांगलं वाटतं.

एकट्यानं ऐकलं तर राउंड-बोटं सगळ्यांत सुंदर. गिटारखाली ठेवल्यावर राउंड-पिक झांजेत मिसळून गेलं, तारेवर पिक घासल्याची खरखरही त्यात. फ्लॅट-बोटं खाली ऊब देऊन गायब झालं. फ्लॅट-पिकचा मात्र प्रत्येक ठोका मोजता आला. सूर लगेच मागं सरतो आणि गिटारला जागा मिळते. कॅरोल के हेच करायची, पिक, फ्लॅट आणि तारांवर फेल्टचा तुकडा.

मिरजेची_सतार
मी बेस वाजवत नाही, सतार शिकतो. नखं वाढवावीत का असा प्रश्न असेल तर सांगतो, आमच्याकडे त्याचा घोळच नाही, मिजराब घालतो. एकच तार बोटाच्या मांसल भागानं छेडली की गोल सूर येतो, मिजराबीनं छेडली की धारदार. तारा मात्र त्याच. सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा वापरतात, तोही जितका जाड आणि कडक तितका आवाज वेगळा. तर आधी तार बदलायची का छेडायची वस्तू, हे माझ्या मते दुसऱ्या बाजूनं सुरू करा.

चार_तारा
नखांचा विषय नव्हता, पण मुद्दा नेमका बसला. कडक, अरुंद टोक तारेला एका बिंदूवर ढकलतं, म्हणून वरचे स्वरांश उठतात. बोटाचा मऊ भाग रुंद जागेवर टेकतो आणि त्यांना तिथंच दाबतो.

उंबरठा_बेस
चार_तारा दादा, तुमचा प्रयोग नीट आहे, निष्कर्ष मान्य नाही. तुमचा हात कुठं होता ते लिहिलंच नाही. मी दहा वर्षं बोटांनी, राउंडवर, अशाच दोन गिटारच्या बँडमध्ये वाजवतेय. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे उघड्या तारेच्या मधोमध छेडलं तर दुसरा, चौथा स्वरांश जवळजवळ येतच नाही. पिकअपवरून हात चार बोटं ब्रिजकडे नेला तर आवाज आवळतो, धारदार होतो, आणि तार तीच, बोटं तीच. हे फुकट आहे, ते आधी करून बघायला हवं.

दुसरं, बेसला थोडा ड्राइव्ह लावायचा असेल तर त्याला चावायला स्वरांश लागतात. उतरलेली फ्लॅट ड्राइव्हमध्ये घातली की फुगा दाबल्यासारखा आवाज येतो. गेडी लीचा आवाज ऐका, राउंड आणि बोटं, तीन जणांच्या बँडमध्ये प्रत्येक सूर कळतो.

गोल_तार
तेच तर म्हणतोय.

चार_तारा
तीन जणांच्या बँडमध्ये एकच गिटार असते ताई. इथं दोन आहेत. हाताच्या जागेचं मात्र माझं चुकलं, चारही वेळा हात पिकअपवरच होता. ब्रिजकडचं राउंड-बोटं मी ऐकलेलंच नाही.

पेठेतला_बेस
सगळ्यांचे आभार. आधी ताईंचं केलं, हात ब्रिजकडे नेला. दुसऱ्या कडव्यात सूर कळायला लागला, पण तिथं तार ताठ लागते, अर्ध्या तासात बोटं थकून मी नकळत परत पिकअपवर येतो. मग 1 मिलिमीटरचं पिक घेतलं, टोकाऐवजी त्याचा गोल कोपरा वापरला तर खरखर कमी झाली.

फ्लॅटचा संचही मागवून लावला, 50 ते 110. आता नवीन अडचण. नेक पुढं वाकली, मधल्या फ्रेटवर तार उंच उभी आहे. जाड ई नटच्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर तरंगते, उघडी छेडली की झिणझिणते.

उंबरठा_बेस
जाडी वाढली की ताण वाढला. ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नको. तार सुरात आण, रात्रभर ठेव, मग पुन्हा बघ. नटची खाच स्वतः घासू नकोस, जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो.

गोल_तार
म्हणूनच म्हटलं होतं, फ्लॅटचा ताण सोसत नाही.

चार_तारा
हा ताण 50-110 चा आहे, त्यातला थोडाच फ्लॅटपणाचा. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट राउंडपेक्षाही सैल लागतात. 45-105 च्या फ्लॅट घेतल्या असत्या तर नट घासायची वेळ बहुतेक आली नसती.

पेठेतला_बेस
पाव फेरा दिला, नेक बरीच सरळ झाली. ई अजून झिणझिणते, उद्या दुरुस्तीला देतोय. रविवारी सराव आहे. फ्लॅट-पिक आणि फ्लॅट-बोटं, दोन्ही ब्रिजकडून, फोनवर रेकॉर्ड करतो. राउंड फेकल्या नाहीत, गुंडाळून ठेवल्यात.

उंबरठा_बेस
रेकॉर्ड करताना फोन ड्रमच्या बाजूला ठेव, ॲम्पसमोर नको. ॲम्पसमोर बेस नेहमीच कळतो.