इंडेम्निटी क्लॉज तोडताना

> करारातलं नुकसानभरपाईचं कलम म्हणजे बारा ओळींचं एकच वाक्य, अर्धविराम वाट्टेल तिथे. तोडलं तर एखादी बाब गळेल का?

पूर्णविरामाने तोडलंत तर पुढच्या बाबी क्रियापदाविना लटकतील. आधी जुन्या मसुद्यातच पेन्सिलीने बाबींना क्रमांक द्या, मग लिहा:

'पुढील कारणांनी मालकाचं झालेलं नुकसान कंत्राटदार भरून देईल: (क) कराराचा भंग; (ख) कामगारांचे अपघात, आजार किंवा मृत्यू; किंवा (ग) तिसऱ्या पक्षाचे दावे.'

बाबीच्या आत स्वल्पविराम, दोन बाबींमध्ये अर्धविराम.

खरी गोम असते ती शेवटी चिकटवलेल्या 'मात्र कंत्राटदाराचा निष्काळजीपणा असल्यासच' या शेपटीत. ती एकट्या (ग)ला लागू की तिन्हींना? तिन्हींना असेल तर 'पुढील कारणांनी'च्या आधी न्या, नाहीतर (ग)मध्येच ठेवा. पण हे व्याकरणावरून ठरवू नका, पक्षकाराला विचारा. जबाबदारीच बदलते ना!