मदत हवी आहे: नारळाच्या खवणीच्या खोक्यात टाकायचं कार्ड कसं लिहावं?

नऱ्ह्याची_खवणी
नमस्कार मंडळी. नऱ्ह्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि माझा भाऊ हाताने फिरवायची नारळाची खवणी बनवतो. खाली रबराची बैठक असते, खटका दाबला की ती ओट्याला धरते. मग डाव्या हातात नारळाची वाटी आणि उजव्या हाताने हँडल. गणपतीच्या आधी ५०० नगांची नवी बॅच निघतेय, उकडीच्या मोदकांमुळे आमची वर्षातली सगळ्यात मोठी विक्री तेव्हाच असते.

आत्तापर्यंत खोक्यात चार घड्यांचं काळं-पांढरं पत्रक टाकत होतो. ते कुणी उघडतही नाही. या वेळी एकच जाड कार्ड टाकायचं आहे, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठं. खोकं उघडणाऱ्या बाईला आपल्याच घरातल्या कुणी समजावून सांगितल्यासारखं वाटावं आणि आमचं नाव तिच्या लक्षात राहावं, एवढीच इच्छा आहे. भावाने लिहिलेला मजकूर असा:

"अभिनंदन! आमच्या दर्जेदार उत्पादनाची निवड केल्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. सदर उत्पादन वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात. निर्वात बैठक गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवून तरफ खाली दाबावी. लिव्हर योग्यरीत्या बसल्याची खात्री करावी..."

मला हे खटकतंय, पण नेमकं काय बदलू ते कळत नाही. छापायला दोन आठवड्यांत द्यायचं आहे.

पेठेतला_प्रिंटर
ताई, एवढं लिहूच नका. कार्डावर मोठा लोगो, खाली क्यूआर कोड, बस. स्कॅन केला की व्हिडिओ. हल्ली वाचतंय कोण? ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड घ्या, मॅट लॅमिनेशन करा, हातात घेतल्यावर भारी वाटतं. आणि एमआरपी, पत्ता, कस्टमर केअर नंबर कार्डावर टाकायला विसरू नका, कायद्याने लागतो.

पौड_रोड
माझी अशीच खवणी आहे, दुसऱ्या कंपनीची. दोन वाट्या झाल्या की सुटते आणि अख्खी खवणी हँडलसकट फिरते. एकदा बोट पात्याला लागता लागता वाचलं. रबर बदलून मिळतं का कुठे? तुळशीबागेत विचारलं, नाही म्हणाले.

माहितीपत्रक_लेखक
मी १६ वर्षं घरगुती उपकरणांची पत्रकं लिहितोय. मजकुरावर बोलण्याआधी दोन गोष्टी सांगा. लोकांचे फोन कशासाठी येतात? आणि खोकं उघडलं की सगळ्यात वर काय दिसतं?

नऱ्ह्याची_खवणी
वहीत लिहून ठेवलंय. पहिल्या २०० नगांवर २१ फोन आले. त्यातले १४ "चिकटत नाही" म्हणून. ४ जणींचा पहिला खोवलेला नारळ करडा झाला होता. बाकी किरकोळ. खोकं उघडलं की वर बबल रॅपमध्ये पातं, त्याखाली बैठक, आणि पत्रक तळाला.

माहितीपत्रक_लेखक
मग तुमचं कार्ड त्या वहीतच लिहून ठेवलेलं आहे.

करडा नारळ आधी घेऊ. नव्या स्टीलच्या पात्यावर कारखान्यातलं तेल आणि घासकामाची बारीक पूड राहते. पांढऱ्या फडक्याने पातं पुसून बघा, काळा डाग येईल. तोच डाग खोबऱ्यात उतरतो, आणि बाईला वाटतं स्टील हलकं आहे. म्हणून पातं धुणं ही पहिली पायरी, आणि ती कार्डावर पातं हातात येण्याआधी वाचली गेली पाहिजे. कार्ड तळातून काढून सगळ्यात वर ठेवा. पातं धारदार आहे हेही बबल रॅप सोडण्याआधीच कळायला हवं.

आता चिकटण्याचं. खटका दाबला की रबराचा मधला भाग वर ओढला जातो, आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा बैठक दाबून धरते. कडेने जरा जरी हवा आत शिरली की पकड जाते. पौड रोड, तुमचा ओटा कशाचा आहे?

पौड_रोड
जुना कडप्पा. दोन लाद्या आहेत, मध्ये जोड आहे. पण माझा प्रश्न रबराचा होता.

माहितीपत्रक_लेखक
रबर भेगाळलेलं किंवा कडक झालेलं नसेल तर दोष त्याचा नसावा. जुना कडप्पा खरबरीत असतो, त्या बारीक खळग्यांतून हवा जाते. जोडावर ठेवली तर लगेचच जाते. रबराची कड पुसा, बोटभर पाणी लावा, जोडापासून दूर ठेवून बघा. पाणी बारीक खळगे भरतं आणि पकड जास्त वेळ टिकते. तरीही सुटली तर त्या ओट्यावर ती धरणार नाही. मग जमिनीवर बसून करा. फ्लॅटमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असते, तिच्या मधोमध छान धरते. आपण विळीवर बसून खोवतो तसंच.

नऱ्ह्याची_खवणी
हे जमिनीवर बसायचं मला सुचलंच नव्हतं! पण कार्डावर "खरबरीत कडप्प्यावर चिकटत नाही" असं लिहायचं? भाऊ म्हणतो, आपल्याच मालाचा उणेपणा आपण का छापायचा?

माहितीपत्रक_लेखक
खोकं उघडणाऱ्या बाईने पैसे आधीच दिलेत. ज्यांच्याकडे कडप्पा आहे त्यांना पाच मिनिटांत हे कळणारच आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर त्या जमिनीवर बसतील आणि खोबरं खोवून मोकळ्या होतील. नाही सांगितलंत तर खवणी खराब निघाली असं वाटेल. नाव लक्षात राहायला हवं ना, ते त्या पहिल्या अर्ध्या नारळावर ठरतं. खरं तर ही ओळ खोक्याच्या बाहेरही हवी, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या बाईलाही ती दिसेल.

शब्दांचं एक. भावाने "तरफ" लिहिलंय, पुढच्याच वाक्यात "लिव्हर", आणि तुम्ही स्वतः "खटका" म्हणता. वाचणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे भाग आहेत. एकच शब्द ठेवा. खटक्याचं टोक लाल करता येईल का? मग "लाल खटका" म्हटलं की शोधावं लागणार नाही.

नऱ्ह्याची_खवणी
लाल टोपी बसवता येईल, पुरवठादाराकडे आहे.

माहितीपत्रक_लेखक
मग मी असं लिहीन. पुढची बाजू, चार चित्रं आणि त्यांखाली:

"पातं धारदार आहे. मागच्या दांडीला धरून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या.

ओटा पुसा. रबराला बोटभर पाणी लावा.

लाल खटका खाली दाबा. आता खवणी वर ओढून बघा. हलली नाही, म्हणजे बसली.

वाटी पात्यावर हलकेच टेकवा आणि हँडल फिरवा. तपकिरी दिसायला लागलं की थांबा."

मागच्या बाजूला सर्वांत वर, मोठ्या अक्षरात: "चिकटत नाही? ओटा खरबरीत असेल किंवा लाद्यांचा जोड मध्ये येत असेल. चकचकीत फरशीच्या मधोमध ठेवून बघा. तरीही नाही जमलं तर आम्हाला फोन करा." त्याखाली नंबर, आणि फोन कोण उचलतं ते. आभार असतील तर एका ओळीत, शेवटी, तुमच्या दोघांच्या नावाने. "सदर उत्पादन" कुठेच नको.

"वर ओढून बघा" ही ओळ काढू नका. बैठक बसली की नाही हे बाईला नारळ हातात घेण्याआधी कळतं. पौड रोड यांचं बोट वाचलं, प्रत्येकीचं वाचेलच असं नाही.

प्रिंटर दादांचं व्हिडिओबद्दल अर्धं पटतं. वाटी फिरवत फिरवत कशी टेकवायची हे चित्रात कळत नाही, व्हिडिओत कळतं. पण हात ओले, एका हातात पातं, तेव्हा फोन कोण शोधणार? कोड मागे, कोपऱ्यात, निदान २ सेंटिमीटरचा. आणि तो थेट व्हिडिओवर नको, तुमच्या साइटच्या पानावर न्या, म्हणजे उद्या व्हिडिओ बदलला तरी छापलेली ५०० कार्डं वाया जात नाहीत.

एमआरपी आणि पत्त्याचे नियम पॅकेजसाठी आहेत, लीगल मेट्रॉलॉजीचे म्हणजे वजनमापांचे, २०११ चे. ते सगळं खोक्यावर हवं. कार्डावर टाकलं म्हणजे खोक्यावर नको असं होत नाही.

पेठेतला_प्रिंटर
बरोबर, खोक्यावर. माझी गल्लत झाली. पण लॅमिनेशन करा हे मात्र ठाम सांगतो. ओल्या हाताने साधं कार्ड दोन दिवसांत फुगतं. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका, काना-मात्रा भरून येतात.

सासवडची_सून
माझ्या भाच्याने त्याच्या मसाल्यांच्या डब्यांत कार्ड टाकलं होतं, "पाच स्टार द्या, ५० रुपये मिळवा". तेही करा, रिव्ह्यू पटापट वाढतात.

माहितीपत्रक_लेखक
ते करू नका. अ‍ॅमेझॉनवर विकत असाल तर खोक्यातल्या कार्डावर पैसे देऊन रिव्ह्यू मागणं त्यांच्या नियमांत बसत नाही, विक्रेत्याचं खातं बंद होऊ शकतं. शिवाय ज्या बाईचा नारळ करडा झालाय तिला ५० रुपयांचं आमिष वाचून काय वाटेल?

कार्ड छापण्याआधी एक करा. साध्या कागदावर प्रिंट काढा, खोक्यात घाला, शेजारच्या तीन घरी द्या आणि शेजारी उभ्या राहा. एक शब्द बोलू नका. त्या कुठे थांबतात तेवढं लिहून घ्या.

नऱ्ह्याची_खवणी
आज तीन घरी जाऊन आले. गप्प उभं राहणं फार जड गेलं, पण राहिले.

पहिल्या वहिनींनी कार्ड वाचून सगळं बरोबर केलं. "वर ओढून बघा" वाचून त्यांनी ओढली, ती सुटली, मग रबराला पाणी लावलं आणि बसली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या घरी कॉलेजची मुलगी होती. तिने आधी पातं बसवलं आणि मग कार्ड वाचलं, कारण मी कार्ड बबल रॅपच्या खाली ठेवलं होतं. चूक माझी. आता ते पात्याच्या बबल रॅपलाच चिकटवणार आहे.

तिसऱ्या मावशी ७० च्या पुढच्या. त्यांनी अक्षर वाचलंच नाही, फक्त चित्रं बघितली. आणि त्या डावखुऱ्या. चित्रात उजव्या हाताने हँडल दाखवलंय, म्हणून त्यांनी तसंच करायचा प्रयत्न केला आणि वाटी दोनदा निसटली. मग स्वतःच खवणी उलट्या बाजूने लावली आणि झटकन खोवलं.

तर आता चित्र डावं-उजवं दोन्ही दाखवू, की "हात बदलला तरी चालेल" एवढं चित्राखाली लिहू? मावशी वाचणार नाहीत. दोन चित्रं घातली तर पुढची बाजू गच्च होतेय.

पेठेतला_प्रिंटर
चौथ्या चित्रातून माणूस काढून टाका. फक्त वाटी, पातं आणि फिरवायचा बाण.

माहितीपत्रक_लेखक
मला हात दिसायला हवेत असं वाटतं, नाहीतर वाटी कशी धरायची ते जातं. दोन्ही प्रकारे एकेक प्रिंट काढा आणि आणखी दोन डावखुऱ्या माणसांना द्या. छापायला अजून किती दिवस आहेत?

नऱ्ह्याची_खवणी
नऊ. भावाच्या ओळखीचा एक डावखुरा आचारी आहे, उद्या त्याच्याकडे जाते.

पौड_रोड
फरशीवर बसून केलं. अख्खा नारळ झाला, सुटली नाही. तरीही रबर कुठे मिळत असेल तर सांगा, माझं एका बाजूने खरंच चिरलंय.