मदत हवी आहे: उन्हाळ्यात अभ्यंगाला कोणतं तेल?

माझी त्वचा कोरडी, वाताची प्रकृती. थंडीभर आंघोळीआधी तिळाचं तेल वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचे, अंगाला जिरवून वीस मिनिटांनी आंघोळ. छान मानवलं. यांची प्रकृती पित्ताची, घामही फार. एप्रिलमध्ये त्याच तेलाने पाठभर घामोळं उठलं. तीळ उष्ण, म्हणून सध्या बंद केलंय. पुरळ गेल्यावर खोबरेल लावावं का? तेही कोमटच?

दुसरं, सासूबाईंना कफाचा खोकला आणि अपचन आहे. अशात अभ्यंग वर्ज्य म्हणतात, पण त्या ऐकत नाहीत! भूक नीट लागेपर्यंत थांबवायचं, की खोकलाही पूर्ण जायला हवा? जाणकारांनी सांगावं.