मदत हवी आहे: दख्खनच्या दंग्यांवरचा प्रश्न अजून किती अरुंद करू?

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘१८७५चे दख्खनचे दंगे’ घेतलेत. ‘कारणे’ लिहायला बसले की सारावाढ, कापसाचे कोसळलेले भाव, सावकारी अशी यादीच होते, मुद्दा उभा राहत नाही. म्हणून फक्त पुणे जिल्हा आणि १८७९चा शेतकरी संरक्षण कायदा एवढ्यावर आले. सुप्याला लोकांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. मग कायद्याने गहाणखतांची छाननी सुरू केल्यावर सावकार थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मोडी वाचता येत नाही, हाताशी चार महिने आहेत. दंगा आयोगाचा छापील अहवाल आणि गॅझेटियर वाचलंय, पण दोन्ही सरकारी नजरेतली. ‘१८७९नंतर शिरूर तालुक्यात गहाणाची जागा खरेदीखताने किती घेतली?’ हा प्रश्न नोंदणी खात्याच्या छापील वार्षिक अहवालांवर पेलेल का, की तालुक्याऐवजी जिल्हाच धरावा लागेल?