ओएसच्या पेपरसाठी 'असं का?' विचारणारे प्रश्न सुचवा (शेड्युलिंग आणि मेमरी)

शुभदा_प
मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. गेल्या परीक्षेत शेड्युलिंगचं गणित घातलं होतं. ६६ मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांनी गँट चार्ट बिनचूक काढला. नंतर वर्गात विचारलं, "सगळ्यात छोटं काम आधी घेतलं की सरासरी प्रतीक्षा सगळ्यात कमी येते, मग खऱ्या सिस्टिम नुसतं तेवढंच का करत नाहीत?" वर्ग गप्प. काम किती वेळ चालणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, एवढंही कुणी बोललं नाही. इथे ही रचना आणि तिथे ती का, हे तपासणारे प्रश्न हवे आहेत.
अटी: एक तास, २० मार्क, दोन प्रश्न. हाताने लिहायचा पेपर, लॅब नाही, कोड नाही. एका उत्तराला अर्धं पान पुरलं पाहिजे, कारण पेपर चार दिवसांत तपासायचे आहेत. `fork()` शिकवून झालाय, कॉपी ऑन राइट ओझरतं सांगितलंय.

दुपारचा_चहा
मॅडम, ३१ वर्षं शिकवलंय. गणित सोडू नका. 'का' विचारलं की मुलं दोन पानं भरून काहीही लिहितात आणि मार्क देताना आपलीच पंचाईत होते. पाच प्रोसेस द्या, तीन पद्धतींनी चार्ट काढायला सांगा आणि शेवटी एक ओळ 'कोणती पद्धत चांगली?' फारच वाटलं तर राऊंड रॉबिनमध्ये क्वांटम लहान केल्याने काय होतं ते विचारा. उत्तर सरळ आहे: क्वांटम जितका लहान तितका प्रतिसाद लवकर, फक्त स्विचिंगमध्ये सीपीयू वाया जातो.

सह्याद्री_२
वरच्या सरांशी सहमत. गँट चार्ट हवाच. माझ्या भाचीला कॅम्पस मुलाखतीत तोच आला होता. तीन प्रश्न काढा, त्यातला एक चार्टचा.

ओंजळ
सर, तुमचं उत्तर अर्धं बरोबर आहे, आणि त्याच अर्ध्यात चांगला प्रश्न दडलाय. आकडे घेऊन बघू. मशीनवर दहा प्रोसेस: नऊ सतत हिशेब करणाऱ्या, एक एडिटर. एका स्विचला ०.१ मिलिसेकंद. कळ दाबली की एडिटरला ती हाताळायला एकूण २ मिलिसेकंद सीपीयू लागतो, आणि कळ दाबली तेव्हा तो रांगेत शेवटी आहे.

क्वांटम १० असेल तर आधी नऊ जणांचे प्रत्येकी १०.१ जाणार, मग याचे २. म्हणजे अक्षर पडद्यावर यायला सुमारे ९३ मिलिसेकंद. क्वांटम १ केला तर एक पूर्ण फेरी ११ ची होते आणि एडिटरला दोन फेऱ्या लागतात, म्हणजे २२. इथवर सर म्हणतात तसंच झालं. आता क्वांटम ०.१ करा. फेरी फक्त २ मिलिसेकंदांची, पण २ मिलिसेकंदांचं काम संपवायला वीस फेऱ्या लागतात. झाले ४० मिलिसेकंद! सीपीयू अर्धा वाया गेला तो गेलाच, वर प्रतिसादही बिघडला.

प्रश्न असा विचारा: हे तीन आकडे काढा. मग दोन मशीन आहेत, एकावर रात्री पगारपत्रकं तयार होतात आणि समोर कुणी बसलेलं नसतं, दुसऱ्यावर कारकून टाइप करतोय. कुठे कोणता क्वांटम, आणि का? आणि शेवटी: हिशेबाच्या प्रोसेस ९ च्या ९० झाल्या तर? तेव्हा क्वांटम १ असूनही एडिटरला दोनशे मिलिसेकंद लागतात. आता क्वांटम कितीही हलवला तरी भागत नाही, जो बराच वेळ झोपून उठलाय त्याला रांगेत पुढे घ्यावं लागतं. हे ज्या मुलाला सुचेल त्याला पूर्ण मार्क. लिनक्सने २००७ मध्ये २.६.२३ आवृत्तीत कुणी किती सीपीयू वापरला याचा हिशेब ठेवणारा शेड्युलर आणला, तो याच वाटेवरचा.

खिडकीपाशी
तो शेड्युलर आता जुना झाला. ६.६ पासून लिनक्समध्ये ईईव्हीडीएफ आहे. मुलांना २००७ मधलं का शिकवायचं?
आणि स्विचला ०.१ मिलिसेकंद? आजच्या सीपीयूवर स्विच काही मायक्रोसेकंदांत होतो. आकडा चुकीचा आहे.

ओंजळ
ईईव्हीडीएफही कुणी किती वापरला आणि कुणाचं किती देणं आहे हेच मोजतो, वर प्रत्येकाला एक मुदत लावतो. 'का' बदलत नाही. आकड्याबद्दल: नुसता स्विच मायक्रोसेकंदांचाच, मान्य. पण नवीन प्रोसेस आल्यावर कॅशेत तिचं काहीच नसतं आणि थोडा वेळ ती रखडत चालते, तो खर्चही यात धरलाय. शिवाय मुलांना कागदावर हिशेब जमावा म्हणून आकडा गोल घेतला. पेपरमध्ये 'असे धरा' लिहिलं की झालं.

खिडकीपाशी
धरायचंच तर १० मायक्रोसेकंद धरा ना. ०.१ मिलिसेकंद वाचून मुलं तेच खरं समजतील.

रात्रपाळी
मेमरीसाठी माझ्यावर ओढवलेलाच प्रसंग घ्या.

एका ग्राहकाचा लिनक्स सर्व्हर, ८ जीबी रॅम, स्वॅप नाही. त्यावर डेटा रॅममध्ये ठेवणारी एक कॅश चालायची, ५ जीबीची. ती रात्री `fork()` करून चाइल्डकडून डिस्कवर प्रत लिहून घ्यायची. एका रात्री लिहिणं चालू असताना डेटा फार बदलला, बदललेल्या प्रत्येक पेजची वेगळी प्रत झाली, रॅम संपली आणि कर्नलने कॅशच मारून टाकली. मी ठरवलं, असं अचानक मरण नको. कर्नलला सांगितलं, देता येईल तेवढंच कबूल कर. `vm.overcommit_memory` चं मूल्य 2 केलं.

सर्व्हर पुन्हा सुरू केला तर कॅश उठेचना. मोकळी रॅम सात जीबीच्या आसपास दिसते आणि तरी 'मेमरी देता येत नाही'! तासभर रॅमची काडीच खराब आहे असं समजून शोधत होतो. शेवटी हे दिसलं:

```
$ grep -i commit /proc/meminfo
CommitLimit:     4061240 kB
Committed_AS:     984512 kB
```

या पद्धतीत मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा काही हिस्सा, आणि `vm.overcommit_ratio` मुळात 50 असतो. स्वॅप शून्य, म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर कबूल करायला जेमतेम ४. तो 90 केला तर कॅश उठली, पण रात्रीचा `fork()` नाकारला गेला, कारण कागदोपत्री ५ आणि ५ मिळून १०. प्रत्यक्षात चाइल्ड सगळी पेजेस आईचीच वापरतो. दहा टक्के पेजेस बदलली तर जादा लागते अर्धा जीबी. शेवटी मूल्य 1 वर नेलं आणि प्रत लिहायची वेळ पहाटे चारला हलवली, तेव्हा डेटा फारसा बदलत नाही.

विंडोज मागतानाच हिशेब करतं, रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढं तेवढंच कबूल करतं. तिथे नवीन प्रोसेस करायला सगळी आई दुप्पट दाखवावी लागत नाही, म्हणून त्यांना ते परवडतं. लिनक्सला `fork()` सांभाळायचाय. प्रश्न: कबूल करताना नाकारणं बरं की नंतर मारणं? बँकेच्या व्यवहारांसाठी कोणतं, कॅशसाठी कोणतं?

ओंजळ
हा प्रश्न घ्याच मॅडम. फक्त ५० टक्क्यांची भानगड पेपरात आणू नका, 'पद्धत अ मध्ये रॅम अधिक स्वॅप एवढंच कबूल होतं' असा नियम लिहून द्या.

सह्याद्री_२
मीही हेच सुचवणार होतो, ओव्हरकमिटचा प्रश्न घ्या. आणि तीन प्रश्न ठेवा.

तिसरा_बाक
मॅडम, माझा प्रश्न इथे बसतो का माहीत नाही. माझ्या फोनमध्ये ८ जीबी रॅम आहे. गाडीच्या तिकिटाचा फॉर्म भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो आणि परत आलो तर फॉर्म पहिल्यापासून. घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी आहे, तिथे वीस टॅब उघडले तरी तो फक्त संथ होतो, काही जात नाही. फोनचं शेड्युलिंग खराब आहे का? कुठला फोन घ्यावा?

खिडकीपाशी
१२ जीबीचा घ्या. माझ्याकडे आहे, एकदाही असं झालं नाही.

ओंजळ
शेड्युलिंगचा संबंध नाही, मेमरीचा आहे. कॉम्प्युटर न वापरलेली पेजेस डिस्कवर ढकलतो, म्हणून संथ होतो पण काही गमावत नाही. अँड्रॉइड सहसा फोनच्या स्टोरेजवर पेजेस ढकलत नाही. त्या फ्लॅशवर पुन्हा पुन्हा लिहिलं की ती झिजते, आणि समोरचं अ‍ॅप अडखळलेलं हातातल्या फोनवर लगेच जाणवतं. तो आधी काही पेजेस रॅममध्येच दाबून ठेवतो. तेही पुरेना झालं की मागे पडलेली अ‍ॅप मारतो. कुणाला आधी मारायचं यासाठी प्रत्येकाला एक गुण असतो: समोरच्या अ‍ॅपला ०, मागे नुसत्या पडून राहिलेल्यांना ९०० किंवा त्याहून जास्त.
हे चालतं ते एका करारामुळे. अ‍ॅप मागे जाताना सिस्टिम त्याला सांगते, तुझी स्थिती जपून ठेव. तुमच्या तिकिटाच्या अ‍ॅपने तो फॉर्म जपला नाही. १२ जीबीने हे कमी वेळा होईल, बंद होणार नाही.

रात्रपाळी
बरोबर. माझ्या सर्व्हरवर हा करार नव्हता, म्हणून मारणं इतकं महागात पडलं.

शुभदा_प
सगळ्यांचे आभार. पेपर ठरला.
पहिला प्रश्न ओंजळ यांचा, पगारपत्रकं आणि कारकून, १० मार्क. आकड्यांना ४, निवडीच्या कारणाला ६. ०.१ मिलिसेकंदच ठेवतेय, वर 'कॅशेचा खर्च धरून' असं लिहीन.
दुसरा तिसरा_बाक यांचा. त्यांची हकिगत जशीच्या तशी देऊन विचारणार: फोन अ‍ॅप मारतो आणि कॉम्प्युटर संथ होतो, या दोन निर्णयांमागे काय काय धरलेलं आहे, आणि अ‍ॅप लिहिणाऱ्यावर त्यामुळे कोणतं काम येतं? ओव्हरकमिट मला फार आवडलं, पण कॉपी ऑन राइट नीट शिकवल्याशिवाय तो विचारणं अन्याय होईल. पुढच्या सत्रात घेईन. चार्ट या वेळी नाही.

दुपारचा_चहा
चूक करताय. फोनच्या प्रश्नाला मुलं 'रॅम कमी आहे' लिहून मोकळी होतील. तपासताना माझी आठवण येईल.

शुभदा_प
सर, म्हणूनच हकिगतीत फोनला ८ आणि कॉम्प्युटरला ४ जीबी तसेच ठेवतेय. 'रॅम कमी' लिहिणाऱ्याचं उत्तर तिथेच अडतं.

खिडकीपाशी
एक शंका. कुणी लिहिलं, की आता फोनचं स्टोरेज खूप वेगवान झालंय, टिकतंही जास्त, तेव्हा फोननेही कॉम्प्युटरसारखं पेजेस बाहेर ढकलावीत, तर मार्क देणार? काही कंपन्या 'जादा रॅम' म्हणून स्टोरेजचा भाग वापरायला देतातच.

ओंजळ
मी देईन. पण झीज आणि समोरच्या अ‍ॅपचं अडखळणं या दोन्हींचं त्याने काय केलं ते बघून.

दुपारचा_चहा
मी देणार नाही. पुस्तकात तसं नाही.

तिसरा_बाक
मग माझ्या फोनमधली ती 'जादा रॅम' चालू करून बघू का? फॉर्म राहील?