मदत हवी आहे: सकाळी दाखल, संध्याकाळी डिस्चार्ज, बेड ऑक्युपन्सीत धरायचा का?

एक्सेलमध्ये जूनचा अहवाल करतोय. ३० बेड, म्हणजे उपलब्ध बेड-दिवस ९००. B मध्ये दाखल तारीख, C मध्ये डिस्चार्ज (अजून भरती असेल तर रिकामं), G1 मध्ये १ जून, G2 मध्ये ३० जून. वेळेची नोंद नाही, फक्त तारखा.

आधी डिस्चार्ज झालेल्यांचेच दिवस बेरजेला घेतले, पण महिना ओलांडणारे रुग्ण चुकत होते. आता हे वापरतोय:

```
=MAX(0,MIN(IF(C2="",$G$2+1,C2),$G$2+1)-MAX(B2,$G$1))
```

२८ जूनला दाखल, ३ जुलैला डिस्चार्ज: जूनला ३ दिवस, जुलैला २. हे पटतं. सरासरी मुक्कामासाठी मात्र त्याचे पूर्ण ५ दिवस जुलैच्या डिस्चार्जमध्ये धरतो, आणि भरती असलेल्यांना वगळतो.

अडचण त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांची. सूत्र त्यांना ० देतं. १ धरला, तर त्याच बेडवर रात्री दुसरा रुग्ण आल्यावर एकाच दिवसाचे २ बेड-दिवस होतात, आणि ऑक्युपन्सी १०० टक्क्यांवर जाऊ शकते. ० ठेवला तर सरासरी मुक्काम उगाच कमी दिसतो.

वेगळा डे-केअर वॉर्ड नाही, त्यामुळे ते बेड बाजूला काढता येत नाहीत. मुक्कामात १ आणि ऑक्युपन्सीत ०, असे दोन वेगळे नियम एकाच अहवालात चालतात का?